आधी लाल पेन्सिल आणा: बातमीदार व्हायचं ठरवण्याआधी वाचायची पुस्तकं

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतली एक मुलगी गेल्या महिन्यात घरी आली. बीएएमएमसी, म्हणजे माध्यम आणि पत्रकारितेच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पत्रकारितेची नीती या विषयाची भलीमोठी वाचनयादी तिच्या हातात होती. ‘‘काका, यातलं आधी कुठलं वाचू? आणि हे वाचून खरंच बातमीदार होता येतं का?’’ बरीच वर्षं मी उपसंपादक म्हणून डेस्कवर काढली आहेत. त्या यादीतली अर्धी पुस्तकं मीही वाचलेली नव्हती. वाचलेल्यांपैकी रात्री अकराला पान छपाईला सोडताना उपयोगी पडली ती दोन-चारच. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

नीतीची बरीच पुस्तकं सुविचारांसारखी वाचली जातात. सत्य, निष्पक्षता, समाजहित वगैरे. परीक्षेत गुण मिळतात, पण पोलीस ठाण्यातल्या ड्युटी ऑफिसरने सांगितलेलं वाक्य छापायचं की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी निवडलेली पुस्तकं कामाची रीत सांगणारी किंवा चूक उघडी करून दाखवणारी आहेत. आणि ती वाचायची रीतही ठरलेली आहे: पुस्तकाच्या शेजारी आपल्या शहरातली एक बातमी हवी.

पहिली पायरी: कात्रण

ठाणे किंवा नवी मुंबईच्या पानावरची, सत्तर-ऐंशी शब्दांची एक सिंगल कॉलम बातमी कापा. अपघात, आग, चोरी, काहीही चालेल. राजकारण नको, त्यात मतं घुसतात. वहीच्या डाव्या पानावर ती चिकटवा, उजवं पान कोरं सोडा. एक लाल पेन्सिल घ्या.

आता पहिलं पुस्तक: बिल कोव्हॅक आणि टॉम रोझेन्स्टील यांचं ‘द एलिमेंट्स ऑफ जर्नलिझम’. पहिली आवृत्ती 2001 ची, चौथी 2021 ची. मिळाली तर चौथीच घ्या, नाहीतर जुनीही चालेल. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. पडताळणीवरचं प्रकरण आधी वाचा. पत्रकारितेचा गाभा पडताळणीच्या शिस्तीत आहे, हा लेखकांचा मुख्य मुद्दा. ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थही मला फार पटला. बातमीदार माणूस आहे, त्याला मतं असणारच. वस्तुनिष्ठ असायला हवी ती त्याची पद्धत.

याच प्रकरणात टॉम फ्रेंच नावाच्या अमेरिकी बातमीदाराची एक सवय सांगितली आहे. आपली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, देण्याआधी तो तिची छापील प्रत घेऊन रंगीत पेन्सिलने ओळीओळीतून जायचा आणि पुन्हा तपासलेल्या प्रत्येक विधानाशेजारी खूण करायचा. बस, एवढंच. त्या अख्ख्या पुस्तकातलं मला सर्वाधिक कामाला आलेलं पान हेच.

दुसरी पायरी: पेन्सिल चालवा

मी त्या मुलीला करून दाखवलं ते असं. सरावासाठी रचलेली ही बातमी घ्या. दर आठवड्याला कुठे ना कुठे दिसते तशीच आहे:

‘रबाळे एमआयडीसीतील एका रासायनिक कंपनीत मंगळवारी पहाटे शॉर्टसर्किटमुळे भीषण आग लागली. या आगीत तीन कामगार गंभीर जखमी झाले असून सुमारे दोन कोटी रुपयांचे नुकसान झाले आहे. अग्निशमन दलाच्या आठ गाड्यांनी चार तासांत आग विझवली. कंपनीकडे अग्निसुरक्षेची परवानगी नव्हती, असा आरोप स्थानिकांनी केला आहे.’

वाचायला काही खटकत नाही. आता प्रत्येक विधानापुढे उजव्या पानावर एकच प्रश्न लिहा: हे कोणाला माहीत असू शकतं, आणि त्याने ते कुठून पाहिलं?

‘मंगळवारी पहाटे’ हे सोपं. अग्निशमन केंद्रात वर्दी आल्याची वेळ नोंदलेली असते. तिथे फोन करून वेळ घेतली की खूण करा. मात्र ती वर्दीची वेळ आहे, आग लागल्याची नाही. आग त्याआधी कितीतरी वेळ धुमसत असेल.

‘शॉर्टसर्किटमुळे’ इथे पेन्सिल थांबली पाहिजे. त्या सकाळी हे कोणालाच माहीत नसतं. आग विझवणारा जवान अंदाज सांगतो, गेटवरचा वॉचमन सांगतो, मालकाला तर तेच सोयीचं असतं. कारण ठरवायला विद्युत निरीक्षक येतात, कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी येतात, आणि त्यांचे अहवाल पुढे केव्हातरी होतात. आपल्याकडच्या आगींच्या बातम्यांत शॉर्टसर्किट हा शब्द इतक्या सवयीने येतो, की खरं कारण निघालं तरी ते छापायला कोणी परत जात नाही.

‘गंभीर जखमी’ यातला आकडा रुग्णालयाकडून घ्यायचा. ‘गंभीर’ हा शब्दही डॉक्टरचा हवा, आपला नको. हात भाजलेला माणूस चालत रुग्णालयात गेला असेल आणि आपण गंभीर छापलं, तर त्याच्या गावी काय होतं ते एकदा आठवून बघा.

‘दोन कोटी’ हा आकडा बहुतेक वेळा मालकाचा असतो. विम्याचा सर्व्हेअर आलेलाही नसतो. आकडा द्यायचाच तर कोणाचा ते सांगून द्या, नाहीतर गाळा. मी गाळतो.

‘आठ गाड्या’ म्हणजे आठ बंब, की पाण्याचे टँकर आणि रुग्णवाहिका धरून आठ? आणि ‘विझवली’ की ‘आटोक्यात आणली’? रसायनांच्या आगीत या दोन्हींत बराच फरक पडतो. आग आटोक्यात आल्यावरही तासन्‌तास कूलिंग चालू राहतं आणि ती पुन्हा भडकू शकते. आसपासच्या कामगारांना परत आत जायचं की नाही, हे याच एका शब्दावर ठरतं.

शेवटचं वाक्य सगळ्यात घसरडं. ‘असा आरोप स्थानिकांनी केला’ असं लिहिलं की आपण सुटलो, असं नव्या बातमीदाराला वाटतं. आरोप कोणीतरी केला हे खरं असेलही, पण परवानगी होती की नव्हती हे तपासण्यासारखं आहे. एमआयडीसीच्या हद्दीत ते एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाला विचारायचं. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ‘फॉर्म बी’ म्हणतात त्याला. विभागाला थेट विचारा, ‘या जुलैचा फॉर्म बी आला होता का?’ उत्तर हो किंवा नाहीच येईल, किंवा ‘बघून सांगतो’ येईल. तेही छापता येतं. कंपनीला फोन करून तिची बाजू मागायची, आणि फोन लागला नाही तर किती वाजता, कितीदा केला ते वहीत टिपून ठेवायचं.

आता तीच बातमी: ‘रबाळे एमआयडीसीतील एका रासायनिक कंपनीत मंगळवारी पहाटे आग लागली. चार वाजून दहा मिनिटांनी वर्दी मिळाल्याचे अग्निशमन दलाने सांगितले. तीन कामगारांवर रुग्णालयात उपचार सुरू असून त्यातील एकाची प्रकृती गंभीर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आग सकाळी आठच्या सुमारास आटोक्यात आली. दुपारपर्यंत कूलिंगचे काम सुरू होते. आगीचे कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही. कंपनीने अग्निसुरक्षेचे जुलैचे प्रमाणपत्र सादर केले होते का, याची माहिती एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे मागितली आहे. कंपनीची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.’

‘भीषण’ गेलं, ‘दोन कोटी’ गेले, शॉर्टसर्किट गेलं. मुलगी म्हणाली, ‘‘पण काका, ही बातमी फिकी झाली.’’ झाली खरी. पण उद्याचा फॉलोअप यातच आहे: जुलैचं प्रमाणपत्र. पहिल्या बातमीत फॉलोअपला जागाच नव्हती, कारण तिला सगळं आधीच माहीत होतं.

अशी दहा कात्रणं करा, मग कोव्हॅक-रोझेन्स्टीलची उरलेली प्रकरणं वाचा. आधी वाचलं तर ती शिकवणीच्या नोट्ससारखी वाटतात.

तिसरी पायरी: मोठ्या माणसांची मोठी चूक

दुसरं पुस्तक बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन यांचं ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’, 1974 चं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या या दोन बातमीदारांनी अमेरिकेतलं वॉटरगेट प्रकरण कसं उघडं केलं, त्याची ही हकिगत. सगळे ते शौर्यकथा म्हणून वाचतात, सिनेमा पाहिलेले तर जास्तच. तुम्ही ते चुकीची कथा म्हणून वाचा. ऑक्टोबर 1972 चा भाग शोधा.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे अगदी जवळचे सहकारी हाल्डमन यांच्या हातात एका गुप्त निधीचा ताबा होता, अशी बातमी दोघांना द्यायची होती. ह्यू स्लोन या निक्सन यांच्या प्रचार समितीच्या माजी खजिनदाराने हे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे तपास करणाऱ्या ज्युरीसमोर, शपथेवर सांगितलं, असं त्यांनी छापलं. ताब्याची गोष्ट खरी होती. पण ज्युरीसमोर स्लोनला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, त्यामुळे तसं त्याने तिथे सांगितलेलं नव्हतं. बातमी छापून आली त्याच दिवशी त्याच्या वकिलाने इन्कार केला आणि निक्सन यांच्या माणसांना आयतं कोलीत मिळालं.

चूक घडली कशी, ते त्यांनी स्वतःच लिहिलं आहे, आणि तेच वाचण्यासारखं आहे. न्याय खात्यातला एक वकील काहीच बोलायला तयार नव्हता. बर्नस्टीन त्याला म्हणाला, मी दहापर्यंत मोजतो; बातमी थांबवायचं कारण असेल तर त्याआधी फोन ठेव. वकील फोनवरच राहिला. बर्नस्टीनने दुजोरा मिळाला असं धरलं. नंतर कळलं की त्या माणसाने सूचना उलटी समजून घेतली होती, त्याला त्यांना थांबवायचंच होतं.

वहीत यावर एक ओळ लिहून ठेवा: गप्प राहणं म्हणजे दुजोरा नाही. आपल्याकडे याची भावंडं रोज भेटतात. महापालिकेतला अधिकारी हसला, मान हलवली, ‘तुम्हाला सगळंच माहीत आहे की’ म्हणाला. हे काहीही दुजोरा नाही. त्याच्याकडून एक पूर्ण वाक्य घ्या, आणि ते परत वाचून दाखवा.

याच प्रकरणात आणखी एक जागा आहे. चूक उघडी पडल्यावर या दोघांनी एफबीआयमधल्या आपल्या एका सूत्राची ओळख त्याच्याच वरिष्ठाजवळ उघड केली. पुस्तकात ते लपवलेलं नाही. घाबरलेला बातमीदार सूत्राचं काय करू शकतो, हे तिथे कळतं.

चौथी पायरी: ज्याची मुलाखत घेता तो माणूस

जॅनेट माल्कम यांचं ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ लहान आहे, ठाणे-सीएसएमटीच्या चार-पाच फेऱ्यांत संपतं. 1990 साली पुस्तकरूपात आलं. जेफ्री मॅकडोनाल्ड या डॉक्टरवर गरोदर बायको आणि दोन मुलींच्या खुनाचा आरोप होता. जो मॅकगिनिस हा लेखक त्याच्या बचाव पथकासोबतच राहिला, दोस्ती केली. 1979 मध्ये मॅकडोनाल्ड दोषी ठरला. मॅकगिनिसचंही मत तेच झालं होतं, तरी तुरुंगातल्या मॅकडोनाल्डला तो निर्दोष मानणाऱ्या मित्रासारखी पत्रं लिहीत राहिला, कारण पुस्तकासाठी माहिती हवी होती. 1983 मध्ये पुस्तक निघालं आणि मॅकडोनाल्डला त्यात आपण निर्दय खुनी म्हणून दिसलो. त्याने फसवणुकीचा दावा लावला. ज्युरीचं एकमत झालं नाही, पण सहापैकी पाच जण खुनाबद्दल दोषी ठरलेल्या माणसाच्या बाजूने होते. शेवटी मॅकगिनिसच्या बाजूकडून 3 लाख 25 हजार डॉलर देऊन तडजोड झाली.

माल्कम यांचा निष्कर्ष फार कडक आहे. बातमीदार समोरच्याचा विश्वास मिळवतो आणि मग त्याचा घात करतो, हे त्यांच्या मते या धंद्यातच आहे. मला तो पूर्ण मान्य नाही. नगरसेवकाला अडचणीचा प्रश्न विचारणं हा घात नव्हे, त्याला माहीत असतं समोर कोण बसलंय. पण ज्याने आयुष्यात कधी बातमीदार पाहिलेला नाही, त्याच्याबाबत त्या म्हणतात ते खरं ठरतं. एक गंमत म्हणजे खुद्द माल्कम यांच्यावरही, अवतरणं रचल्याच्या आरोपावरून, एका मनोविश्लेषकाने खटला भरला होता आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1994 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुस्तक वाचताना हे माहीत असू द्या.

यावरचा सराव घरच्या घरी होतो. शेजारच्या आजींची वीस मिनिटं मुलाखत घ्या, त्यांच्या जुन्या ठाण्याबद्दल. सुरू करण्याआधी तीन गोष्टी सांगा: हे कशासाठी आहे, नाव छापणार आहे, आणि ‘हे छापू नकोस’ असं बोलण्याच्या आधी सांगायचं, नंतर नाही. मग लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा. कुठे त्या म्हणतात ‘मी असं म्हटलं?’ तिथे रेकॉर्डिंग ऐका. बहुतेकदा त्या तसं म्हणालेल्याच असतात, फक्त हसत म्हणालेल्या असतात, आणि हसणं तुमच्याकडून छापायचं राहिलेलं असतं.

पाचवी पायरी: आपल्याकडचा कायदा आणि नियम

वरची तिन्ही पुस्तकं अमेरिकेतली आहेत, आणि भारतात त्यांची मर्यादा एका ठिकाणी लगेच लागते: पीडितांची ओळख. इथे पुस्तकाऐवजी प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाची पत्रकारितेच्या आचरणाची मानकं वाचा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कौन्सिलला दंड करता येत नाही, ती समज देते, ताशेरे ओढते. आणि टीव्ही वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून डेस्कवर काही जण ती मानकं हसण्यावारी नेतात. कायद्याला मात्र दात आहेत. बलात्कार पीडितेची ओळख उघड केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम 23 आणखी स्पष्ट आहे. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर, किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील, सगळं त्यात येतं. पीडिता हयात नसली तरी नाव द्यायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं.

‘परिसर’ हा शब्द कायद्यात का आहे, ते मी चूक करून शिकलो. पहिल्या नोकरीत, ठाण्यातल्या एका छोट्या पत्रात, अशाच एका प्रकरणाची बातमी लिहिली होती. मुलीचं नाव दिलं नव्हतं, त्याचा अभिमानही होता. पण गल्लीचं नाव, वडिलांचा धंदा आणि मुलीची इयत्ता दिली होती. चार दिवसांनी तिचे मामा कार्यालयात आले. आरडाओरडा केला नाही. बातमीचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, नाव तेवढं राहिलंय, तेही टाका.’’ कुटुंबाने मग घर बदललं, असं नंतर कळलं.

तेव्हापासून अशा बातमीला मी एक चाचणी लावतो. त्या मुलीच्या शाळेतल्या दुसऱ्या वर्गातल्या मुलाने ही बातमी वाचली तर त्याला कळेल का? कळणार असेल तर आणखी एक तपशील काढायचा. परत वाचायचं.

राहिलेलं थोडं

परंजय गुहा ठाकुरता यांचं ‘मीडिया एथिक्स’ (2009) हे पाठ्यपुस्तक आहे, सलग वाचायला जड. संदर्भासाठी जवळ ठेवा. पेड न्यूजवरच्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरच्या, प्रेस कौन्सिलच्या 2010 च्या अहवालाचे ते एक लेखक. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्यावरचे जवळपास शब्दशः सारखे लेख स्पर्धक मराठी दैनिकांत आले होते, पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. पेड न्यूज ओळखायची खूण त्यातच आहे. दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. उमेदवाराबद्दल एकही प्रश्न नाही, एकही आकडा तपासलेला नाही आणि मजकूर सारखा, म्हणजे तो डेस्कवरून नाही, जाहिरात विभागातून आला.

साईनाथांचं ग्रामीण दारिद्र्यावरचं 1996 चं पुस्तक मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने आलं आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, 1893 पासूनची संस्था आहे ती, आधी चौकशी करा. इंग्रजी पुस्तकं फोर्टला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर कधी कधी स्वस्तात सापडतात. साईनाथ सगळ्यात शेवटी वाचा. ते वाचल्यावर लगेच खेड्यात जावंसं वाटतं, आणि पेन्सिल चालवायची सवय लागायच्या आधी गेलात तर तिथून फक्त हळहळ घेऊन याल.

एवढं झालं की इंटर्नशिपला जा. मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारायची संधी देतात, तेव्हा एकच विचारा: ‘‘तुम्ही स्वतःच्या चुकीचा शेवटचा खुलासा कधी छापला, आणि तो कोणत्या पानावर?’’ त्या मुलीने वाशीतल्या एका कार्यालयात हे विचारलं. संपादक जरा थांबले, मग ड्रॉवर उघडून गेल्या महिन्याचा अंक काढला आणि पान तिसरं तिच्यासमोर ठेवलं. ती सोमवारपासून तिथे जाते.